तीन रोध एका ओळीत, उत्तरं मात्र सहा: हाताने काढलेल्या परिपथातली नेहमीची चूक कशी शोधायची

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. विद्युतधारेचा धडा आला की हाताने वर्कशीट काढायची, तालुक्याला जाऊन झेरॉक्स मारायच्या, कमी पडल्या तर झेरॉक्सची झेरॉक्स काढायची, असं दरवर्षी चालतं. आणि दरवर्षी त्या शीटवरच्या एका आकृतीपाशी वर्ग अडतो. आकृती माझीच, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. पण हीच अडचण इतक्या वह्यांत दुरुस्त केली आहे की आता पोराचं उत्तर ऐकलं तरी त्याने कागदावर काय पाहिलं ते सांगता येतं.

आकृती अशी. खाली १२ व्होल्टची बॅटरी. वर एका सरळ रेषेत तीन रोध, डावीकडून ४, १२ आणि ६ ओहम. रेषेवर चार बिंदू धरू:

```
अ ──[४]── ब ──[१२]── क ──[६]── ड
```

बॅटरीचं धन टोक अ ला, ऋण टोक ड ला. याशिवाय दोन तारा कमानीसारख्या वरून जातात. एक अ पासून क पर्यंत, दुसरी ब पासून ड पर्यंत. खाली बॅटरीने जागा खाल्ल्यामुळे दोन्ही कमानी वरच काढाव्या लागल्या, आणि त्या एका जागी एकमेकींना छेदतात. विचारलंय एवढंच: परिणामी रोध किती, आणि बॅटरीतून धारा किती?

लक्षणं

बरोबर उत्तर २ ओहम आणि ६ अँपिअर. ते का, ते पुढे येईल. आधी चुकलेली उत्तरं बघा, कारण खरी माहिती त्यांच्यातच आहे.

२२ ओहम आणि साधारण ०.५५ अँपिअर आलं असेल, तर वरच्या कमानी पाहिल्याच नाहीत आणि तिन्ही रोधांची सरळ बेरीज केली.

६ ओहम आणि २ अँपिअर आलं, तर ब-ड ही कमान निसटली. ४ ओहम आणि ३ अँपिअर आलं, तर अ-क ही निसटली.

शून्य ओहम आणि धारा ‘अनंत’ आली, तर दोन कमानी जिथे छेदतात तिथे जोड आहे असं समजलं.

अर्धा ओहम आणि २४ अँपिअर आलं, तर आकृती बरोबर वाचली, फक्त शेवटी अपूर्णांक उलटा करायचा राहिला.

२.३४ किंवा ३.६४ ओहम असं काही विचित्र आलं, तर भौतिकशास्त्राचा काही संबंध नाही. आकडा वाचण्यात चूक आहे.

एकाच वर्गात ही सगळी उत्तरं मिळतात. एक पोरगी म्हणाली होती, ‘सर, तिन्ही एका लायनीत हायेत नं, मंग एकसरच झालं नं?’ मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, ‘मले तं शून्य येऊन राह्यलं.’ दोघांच्या हातात एकाच आकृतीच्या दोन झेरॉक्स होत्या.

आधी आकडे वाचा, पेन्सिल नंतर

हे फुकटात होतं आणि अर्ध्या मिनिटात होतं, म्हणून पहिलं. हाताने काढलेलं ओहमचं चिन्ह, म्हणजे तो घोड्याच्या नालासारखा Ω, घाईत काढला की खालचे दोन पाय मिटतात आणि त्याचं शून्य होतं. मग ४ ओहमचे ४० होतात. तो एक आकडा बदलून पुढचं सगळं बरोबर केलं, तरी उत्तर ३.६४ ओहम येतं. दुसरा घोटाळा आपल्याकडचा. शीटवर आकडे मराठीत असले आणि मूल सेमी इंग्रजीचं असलं, तर मराठी एक त्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो. बाराचे ब्याण्णव होतात आणि उत्तर २.३४ येतं. लसावि काढताना बेचव मोठा आकडा यायला लागला की मी पोरांना तिथेच थांबवतो. वर्कशीट काढणारा मास्तर शक्यतो सुटसुटीत आकडे निवडतो, तेव्हा ब्याण्णव ओहमच्या रोधावर आधी संशय घ्या आणि मग कॅल्क्युलेटर.

बॅटरीचंही बघून घ्या. लांब रेघ धन, आखूड रेघ ऋण. अस्पष्ट प्रतीत दोन्ही सारख्या दिसू शकतात. या गणितात रोध आणि धारेचं मूल्य त्याने बदलत नाही, फक्त धारेची दिशा उलटते. म्हणून इथे त्यावर वेळ घालवू नका.

छेद आहे की जोड?

खरी मारामारी इथे आहे. दोन तारा कागदावर एकमेकींवरून गेल्या म्हणजे त्या जोडलेल्याच असतात असं नाही. कागद सपाट, तार उचलून पलीकडे नेता येत नाही, म्हणून चित्रात त्या छेदतात. नेहमीचा संकेत असा: चारही बाजूंना तारा जाणाऱ्या छेदावर भरीव ठिपका असेल तर जोड, नसेल तर एक तार दुसरीच्या वरून गेली. जुन्या पद्धतीच्या आकृत्यांत वरून जाणाऱ्या तारेला छोटा उंचवटा काढलेला असतो, तोही ‘जोड नाही’ असंच सांगतो. याउलट एक तार दुसरीला येऊन भिडते आणि तिथेच संपते, तिथे ठिपका नसला तरी जोडच. ती तार तिथे जोडायची नसती तर तिथपर्यंत आणलीच कशाला असती?

आता झेरॉक्सचा भाग. माझ्या आकृतीत त्या छेदावर ठिपका नव्हता. पण एका वर्षीच्या गठ्ठ्यात नेमका तिथे काळा डाग आला आणि अर्ध्या वर्गाला शून्य ओहम मिळाले. डाग आणि ठिपका ओळखायची एक साधी युक्ती सांगतो. त्याच गठ्ठ्यातला, त्याच मशीनवर त्याच वेळी काढलेला दुसरा कुठलाही कागद घ्या, दुसऱ्या धड्याचा असला तरी चालेल. दोन्ही कागद कडा जुळवून उजेडाकडे धरा. मशीनच्या काचेवर घाण असेल तर डाग प्रत्येक कागदावर त्याच जागी येतो. विद्युतधारेच्या शीटवर तो छेदावर पडला, तर पेशींच्या शीटवर तो एखाद्या वाक्याच्या मधोमध पडलेला दिसेल. ठिपका पेनाने काढलेला असेल तर तो फक्त याच आकृतीत सापडेल, आणि बाकीच्या जोडांवरही तसेच ठिपके असतील. बाकी सगळ्या जोडांवर ठिपके आहेत आणि छेदावर नाही, असं असेल तर काढणाऱ्याने ते मुद्दाम सोडलं आहे.

उजेडाकडे धरलेल्या कागदावर आणखी एक गोष्ट बघून घ्या. कमानीची रेघ मध्येच विरली आहे का? पेन्सिलने काढलेली आकृती तीनदा झेरॉक्स झाली की पातळ रेघा उडतात. ४ आणि ६ ओहमवाली उत्तरं बहुतेक तिथूनच येतात.

ठिपका खरा की खोटा हे काही केल्या ठरत नसेल, तर दोन्ही धरून बघा. छेदावर जोड धरला तर अ, ब, क, ड हे चारही बिंदू तारेनेच एकमेकांना जोडले जातात आणि बॅटरीची दोन टोकं थेट भिडतात. म्हणजे शॉर्ट सर्किट. ‘धारा किती’ असं विचारणारा माणूस सहसा अशी आकृती देत नाही. हा पुरावा नव्हे, अंदाज आहे, पण चांगला अंदाज आहे.

दोन स्केचपेन

एवढं करूनही २२ ओहमच येत असतील, तर चूक डोळ्यांत नाही, समजुतीत आहे. इथे थोडा वेळ द्या.

एक लाल आणि एक निळं स्केचपेन घ्या. लाल पेन बॅटरीच्या धन टोकावर ठेवा आणि तारेवरून पुढे सरका. वळण आलं तरी चालायचं, फाटा फुटला तर दोन्हीकडे जायचं, कमान आली तर तिच्यावरून जायचं. रोध आला की त्याच्या दारात थांबायचं, आत शिरायचं नाही. आपल्या आकृतीत लाल पेन अ ला पोचतं, ४ ओहमच्या दारात थांबतं, पण अ पासून निघालेल्या कमानीवरून ते थेट क ला उतरतं. तिथे एका बाजूला १२ चं दार, दुसऱ्या बाजूला ६ चं. दोन्हीकडे थांबा.

आता निळं पेन ऋण टोकापासून. ते ड ला येतं, ६ च्या दुसऱ्या दारात थांबतं, आणि कमानीवरून ब ला पोचतं. ब च्या एका बाजूला ४, दुसऱ्या बाजूला १२.

आता नुसते रंग बघा. ४ च्या डावीकडे लाल, उजवीकडे निळा. १२ च्या डावीकडे निळा, उजवीकडे लाल. ६ च्या डावीकडे लाल, उजवीकडे निळा. प्रत्येक रोधाचं एक टोक लाल आणि एक निळं. म्हणजे तिन्ही रोध त्याच दोन बिंदूंमध्ये आहेत, आणि यालाच समांतर म्हणतात. एका ओळीत उभे असले म्हणून काय झालं.

हे का चालतं, तर जोडतारेचा रोध आपण शून्य धरतो. रोध शून्य म्हणजे तिच्या दोन टोकांत विभवांतर नाही, मग तार बोटभर असो की पानभर. म्हणून एका रंगाची सगळी तार म्हणजे विजेच्या हिशोबाने एकच बिंदू. कागदावर तो कितीही पसरलेला असला तरी.

आणि एकसर का नाही? दोन रोध एकसर असायचे तर पहिल्यातून निघालेल्या धारेला दुसऱ्यात जाण्यावाचून दुसरी वाट नसली पाहिजे. ब वर बोट ठेवा आणि मोजा: ४ चा रोध, १२ चा रोध आणि कमान. तीन गोष्टी भेटतात. तिसरी वाट आहे, म्हणजे एकसरपणा मोडला. पोरांना मी एवढंच पाठ करायला सांगतो की दोन रोधांमधल्या बिंदूवर तिसरं काही लागलेलं असेल, तर बेरीज करायची नाही.

रंग देऊन झाले की आकृती नव्याने काढा. डावीकडे एक उभी लाल रेघ, उजवीकडे एक उभी निळी, आणि मध्ये तीन आडव्या पायऱ्यांसारखे तीन रोध. जुनी आकृती आता मिटून ठेवा, तिच्याकडे बघायचं नाही. पुन्हा बघितली की ती ओळ पुन्हा फसवते.

आता गणित

```
१/R = १/४ + १/१२ + १/६
    = ३/१२ + १/१२ + २/१२ = ६/१२
R = २ ओहम
I = १२ / २ = ६ अँपिअर
```

६/१२ म्हणजे अर्धा, तो रोध नव्हे, रोधाचा व्यस्त. उलटा करायला विसरलात की अर्धा ओहम आणि २४ अँपिअर. पूर्वी मी या आकृतीत ६, ३ आणि २ ओहम देत असे. त्यांच्या व्यस्तांची बेरीज बरोबर १ येते, आणि एकाचा व्यस्तही एकच. उलटा न करणाऱ्यालाही पूर्ण गुण जात होते आणि हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. त्यानंतर आकडे बदलले.

ताळा दोन प्रकारे घ्या. पहिला नजरेने: समांतर जोडणीचा परिणामी रोध त्यातल्या सगळ्यात लहान रोधापेक्षा लहान यायलाच हवा. इथे लहान ४, उत्तर २, ठीक. पण या ताळ्याला अर्ध्या ओहमची चूक सापडत नाही, कारण अर्धाही ४ पेक्षा लहानच. म्हणून दुसरा ताळा करा. प्रत्येक रोधावर पूर्ण १२ व्होल्ट आहेत. ४ मधून ३ अँपिअर, १२ मधून १, ६ मधून २. बेरीज ६. बॅटरीच्या धारेशी जुळली, म्हणजे झालं.

हौस असेल तर दिशाही काढा. धारा लालकडून निळ्याकडे जाते. १२ ओहमच्या रोधात लाल टोक उजवीकडे आहे, म्हणजे मधल्या रोधातून धारा उजवीकडून डावीकडे, शेजारच्या दोघांच्या उलट वाहते. अ-क कमानीतून १ आणि २ मिळून ३ अँपिअर जातात, ब-ड कमानीतून ३ आणि १ मिळून ४. ‘काहून उलटी जाते?’ असं कुणी विचारलं की मला बरं वाटतं. त्याने रंग मनापासून दिले आहेत.

आता ६ ओहमवाल्या चुकीकडे परत जाऊ. ब-ड कमान नाहीच असं धरलं तर ब हा बिंदू निळा होत नाही, तो लोंबकळत राहतो. ४ चं डावं टोक लाल, १२ चं उजवं टोक लाल, आणि मधला ब दुसऱ्या कशालाच जोडलेला नाही. दोन्ही बाहेरची टोकं एकाच विभवावर, मग धारा ढकलणार कोण? दोन्ही रोध कागदावर दिसतात पण काम करत नाहीत, उरतो फक्त ६. दुसरी कमान उडाली तर याच न्यायाने १२ आणि ६ निकामी होतात आणि ४ उरतो. वाचन चुकलं होतं, पण त्या वाचनाचं गणित पोराने बरोबर केलं होतं. म्हणून अशा उत्तराला मी सरसकट शून्य देत नाही.

तरी पटत नसेल तर मीटर

याला थोडा खर्च आहे. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून एक किलोओहमचे तीन सारखे रोध आणा, त्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात आणि शेवटी सोनेरी. साधा डिजिटल मल्टिमीटर कुणाकडून तरी उसना मिळतो. तीन रोध एका ओळीत पिळून जोडा आणि मीटर ओहमवर ठेवून दोन टोकांत मोजा: सुमारे ३००० ओहम. आता अ-क तार लावा: १००० च्या आसपास. मग ब-ड तारही लावा: सुमारे ३३३. सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, तेव्हा ३१७ ते ३५० मध्ये काहीही आलं तरी बरोबर. तार काढली-लावली की आकडा उडी मारताना दिसतो, आणि २२ ओहमवर अडून बसलेला पोरगा तिथे वाद सोडतो.

ओहम मोजताना बॅटरी जोडायची नाही, मीटर बिघडू शकतं आणि आकडाही खोटा येतो. आणि घरी फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी आहे म्हणून खरोखरचा ४ ओहमचा रोध तिला लावून बघू नका. १२ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ३६ वॅट. दुकानातला छोटा रोध पाव वॅटचा असतो. तो धूर काढतो आणि बोटही भाजतो.

कुठे थांबायचं

रंग देताना लाल आणि निळा पुरेनात, तिसरा आणि चौथा घ्यावा लागला, तर घाबरू नका. एकाच रंगजोडीतले रोध समांतर म्हणून एक करा, ज्या बिंदूवर फक्त दोनच रोध भेटतात आणि बॅटरी किंवा तिसरं काही लागलेलं नाही ते एकसर म्हणून एक करा, आणि पुन्हा बघा. पण असंही होतं की पाच रोध आहेत, चार रंग आहेत, कुठल्याही दोन रोधांची रंगजोडी सारखी नाही आणि मधल्या प्रत्येक बिंदूवर तीन रोध भेटतात. हा ब्रिज. डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या रोधांचं गुणोत्तर उजव्या बाजूच्या गुणोत्तराएवढं असेल तर मधल्या रोधातून धारा जात नाही, तो काढून टाका आणि गणित सोडवा. व्हीटस्टनच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी क्रिस्टी यांनी १८३३ मध्येच मांडली होती. गुणोत्तर जुळत नसेल तर एकसर-समांतरच्या सूत्रांनी ते सुटणार नाही, कितीही रंग द्या. त्याला किर्चहॉफचे नियम लागतात आणि ते बारावीत येतात. नववी-दहावीच्या मुलाने तिथे थांबावं आणि कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या सरांना आकृती दाखवावी.

छेदावरचा डाग ठरतच नसेल तर ज्याने शीट काढली त्यालाच विचारा. परीक्षेत विचारता येत नाही, तिथे उत्तराच्या वर एक ओळ लिहा: ‘दोन तारा छेदतात तिथे जोड नाही असे मानले आहे.’ तपासणाऱ्याला तुमचं वाचन तरी कळतं.

आणि हे सगळं कागदापुरतं. घरातल्या बोर्डात दोन तारा एकमेकींवरून गेलेल्या दिसल्या आणि त्या जोडलेल्या आहेत की नाहीत असा प्रश्न पडला, तर स्केचपेन नको आणि मीटरही नको, मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

यंदाच्या शीटवर मी बॅटरी डाव्या बाजूला उभी काढली आहे, त्यामुळे खाली जागा झाली. एक कमान वरून, एक खालून. छेद उरलाच नाही. पहिल्या दिवशी २२ ओहम म्हणणारे तरी सात जण निघालेच.